निसर्गपटातील निवेदकाचा आवाज आणि ‘एकच पिल्लू’

निसर्गपटांविषयी बोलताना बहुतेक विद्यार्थी छायाचित्रणापासून सुरुवात करतात. कॅमेरा किती मोठा होता, किती दिवस वाट पाहिली, थंडी किती होती, याच गोष्टी चर्चेत येतात. या टिपणात आपण थोडे वेगळ्या ठिकाणी लक्ष देणार आहोत. पडद्यावर प्राणी दिसत असताना जो आवाज ऐकू येतो, तो प्रेक्षकाला नेमके काय मानायला लावतो, हा आपला प्रश्न आहे. त्यासाठी एक गाजलेला प्रसंग सविस्तर पाहू आणि मग त्याच कसोटीवर आणखी दोन-तीन जुने प्रसंग तपासू.

‘प्लॅनेट अर्थ २’ ही बीबीसीची मालिका नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रक्षेपित झाली. तिच्या बेटांवरील पहिल्या भागात गालापागोस द्वीपसमूहातील फर्नांदिना बेटावरचा एक प्रसंग आहे. सागरी इग्वानाची पिल्ले किनाऱ्याजवळच्या वाळूत पुरलेल्या अंड्यांतून बाहेर येतात. मोठे इग्वाना असतात समुद्रालगतच्या काळ्या खडकांवर. वाळू ओलांडून तिथवर पोहोचणे हे पिल्लाचे पहिले काम. पण खडकांच्या फटींत ‘रेसर’ म्हणून ओळखले जाणारे चपळ साप दबा धरून असतात आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या दिवसांत ते मोठ्या संख्येने तिथे जमतात. आपल्याकडच्या घोरपडीची आठवण व्हावी असे हे प्राणी दिसतात, मात्र त्यांचे कूळ वेगळे आहे.

प्रसंग तुम्ही बहुधा पाहिला असेल. पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. एक पिल्लू वाळूवर निश्चल बसते. साप अगदी अंगाला लागून सरकतो. निवेदक डेव्हिड ॲटनबरो सांगतात की सापाची नजर फारशी चांगली नसते, त्याला हालचाल तेवढी कळते. पिल्लाने धीर सोडला नाही तर ते वाचू शकेल. मग ते पळते. खडकांमधून एकामागून एक साप बाहेर ओघळतात. एका पिल्लाला त्यांचा विळखा बसतो. आता संपले असे वाटत असतानाच ते निसटते, खडकावर उडी घेते, पुन्हा उडी घेते आणि वाचते. २०१७ च्या बाफ्टा दूरचित्रवाणी पुरस्कारांत प्रेक्षकांच्या पसंतीचा ‘चुकवू नये असा क्षण’ म्हणून याच प्रसंगाची निवड झाली.

त्याच वर्षी या भागाच्या निर्मात्या एलिझाबेथ व्हाइट यांनी जाहीरपणे सांगितले की पडद्यावरचे ते पिल्लू सर्व वेळ एकच नव्हते. एकापेक्षा अधिक पिल्लांची दृश्ये जोडून हा पाठलाग तयार झाला होता. सरडे आणि साप सांगितल्यावर पुन्हा ‘टेक’ देत नाहीत, असेही त्यांनी गमतीने म्हटले. वृत्तपत्रांनी या कबुलीची बातमी केली आणि अनेकांना फसवले गेल्यासारखे वाटले.

फसवणूक झाली का, याचे उत्तर देण्याआधी प्रसंग कसा रचला आहे ते पाहायला हवे.

पाठलाग कसा जोडला जातो

पिल्लू पळते तो खरा वेळ काही सेकंदांचा असतो. या सेकंदांत एक कॅमेरा एकच गोष्ट करू शकतो: दुरून सगळी वाळू आणि सगळे साप दाखवणे किंवा लांब पल्ल्याच्या भिंगातून पिल्लाचा चेहरा दाखवणे. दोन कॅमेरे असले तर दोन गोष्टी मिळतात. पण पडद्यावर आपल्याला दिसते ते असे: पिल्लाचा डोळा, सापाचे डोके, वरून किंवा दुरून दिसणारा सापांचा लोंढा, जमिनीलगत धावणारे पाय, पुन्हा पिल्लाचा चेहरा. एका धावेतून एवढ्या चौकटी निघत नाहीत. हे समजायला निर्मात्यांच्या कबुलीची गरज नव्हती. चित्रपटाचे व्याकरण जाणणारा कुणीही ते पहिल्याच वेळी मोजू शकला असता.

कथापटात हेच काम सोपे असते. नट पुन्हा धावतो, कॅमेरा हलवून दुसऱ्या बाजूने तोच क्षण पुन्हा घेतला जातो. निसर्गपटात क्षण परत येत नाही, म्हणून संकलक दुसऱ्या पिल्लाचा तसाच क्षण आणतो. आज सकाळी एका पिल्लाच्या डोळ्याचे दृश्य मिळाले, परवा दुसऱ्याच्या धावेचे. दोन्ही जोडले की एक धाव होते. पिल्ले एकमेकांसारखी दिसतात, वाळू तीच, उजेड जवळपास तसाच, म्हणून सांधा दिसत नाही.

आवाजाचेही असेच. लांबच्या भिंगाने चित्र जवळ येते, पण ध्वनी जवळ येत नाही. किनाऱ्यावर लाटा आणि वारा यांचा गोंगाट इतका असतो की वाळूवर साप सरकल्याचा आवाज दूर उभ्या असलेल्या ध्वनिमुद्रकाला वेगळा टिपणे जवळपास अशक्य आहे. म्हणून अशा लहान प्राण्यांचे आवाज बहुधा नंतर ध्वनिशाळेत तयार केले जातात. या कामाला फॉली म्हणतात. बर्फावरच्या पावलांसाठी कापडी पिशवीत भरलेले कॉर्नफ्लॉवर दाबणे ही त्यातली जुनी, सर्वपरिचित युक्ती. म्हणजे पाठलागात तुम्हाला सर्वात ‘जवळचे’ वाटणारे जे काही आहे, ते बरेचसे तिथले नसते. त्यावर संगीत आहे, आणि ते सरळसरळ थरारपटाचे आहे: ताण वाढवणारे ठेके, मध्येच शांतता, मग स्फोट.

आता हे करून पाहा. प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहा आणि प्रत्येक कटच्या जागी कागदावर एक रेघ मारा. मग प्रत्येक रेघेला स्वतःला विचारा: या कटच्या अलीकडे आणि पलीकडे तेच पिल्लू आहे असे चित्र मला सांगते का? अंगावरचा एखादा डाग, तुटलेली शेपटी, चिकटलेली वाळू, अशी कोणती खूण दोन्ही चौकटींत दिसते का? अशा खुणा शोधायला गेलात की चित्राच्या बळावर ‘तेच’ म्हणता येण्यासारख्या जागा किती थोड्या आहेत, हे तुमच्या लक्षात येईल. आता आवाज चालू करा. पिल्लू एक झाले.

ते एक होते निवेदनामुळे. इंग्रजीत ‘द हॅचलिंग’ म्हटले की एक ठरावीक पिल्लू डोळ्यांपुढे येते आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक ‘इट’ या सर्वनामाला तेच पिल्लू चिकटते. संकलकाने दोन तुकडे शेजारी ठेवले. ‘ते तेच आहे’ हे वाक्य मात्र भाषेने पुरवले. न्यायासाठी एवढे सांगायला हवे की आणखी पिल्ले वाळूतून बाहेर येत आहेत, हे निवेदक मध्येच सांगतात. साऱ्या प्रसंगात एकच पिल्लू आहे असा दावा कुणी केलेला नाही. पण ज्या पाठलागात आपला श्वास अडकतो, तो एका जिवाचा म्हणून सांगितला आहे.

इथे अभ्यासकाने दोन दावे वेगळे करावेत. ‘फर्नांदिना बेटावर रेसर साप इग्वानाची पिल्ले अशा प्रकारे पकडतात’ हा पहिला दावा, आणि तो खरा आहे. प्रत्येक तुकडा त्याच किनाऱ्यावर, खऱ्या सापांचा, खऱ्या पिल्लांचा आहे. ‘हे पिल्लू या क्रमाने या संकटांतून गेले’ हा दुसरा दावा खरा नाही. पहिला जातीविषयी आहे, दुसरा एका व्यक्तीविषयी. निसर्गपट शास्त्राच्या नावावर पहिला दावा करतो आणि आपल्याला खुर्चीला खिळवून ठेवतो तो दुसऱ्याच्या जोरावर. माझ्या मते इग्वानाच्या प्रसंगात हा सौदा माफ करण्याजोगा आहे, कारण दुसरा दावा खोटा ठरल्याने पहिल्याला धक्का लागत नाही. प्रेक्षक प्राण्याविषयी जे शिकला ते बरोबरच शिकला. पण हे प्रत्येक ठिकाणी खरे नसते.

जिथे पहिलाच दावा कोसळतो

१९५८ साली डिस्नेचा ‘व्हाइट वाइल्डरनेस’ आला. दिग्दर्शक जेम्स अल्गर, निवेदक विन्स्टन हिबलर. सर्वोत्तम माहितीपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. त्यात लेमिंग या उंदरासारख्या छोट्या प्राण्यांचे थवेच्या थवे कड्याकडे धावतात आणि पाण्यात झेपावतात. ते पाणी म्हणजे समुद्र आहे, असे प्रेक्षक समजतो.

१९८२ मध्ये कॅनडाच्या सीबीसीने ‘क्रुएल कॅमेरा’ नावाच्या कार्यक्रमात या चित्रीकरणाचा माग काढला. चित्रीकरण झाले अल्बर्टा प्रांतात, ज्याला समुद्रकिनाराच नाही. त्या जागी लेमिंगही नव्हते. ते मॅनिटोबातून, तिथल्या इनुइट मुलांकडून विकत घेऊन आणले होते. थोड्याशा प्राण्यांचा प्रचंड जमाव भासावा म्हणून बर्फाने झाकलेल्या फिरत्या तबकडीवर त्यांना पळवले आणि वेगवेगळ्या कोनांतून टिपले. शेवटी त्यांना कड्यावरून खाली लोटले गेले.

इथे संकलनाचे तंत्र इग्वानाच्या प्रसंगाहून फार वेगळे नाही, हे लक्षात घ्या. थोड्या प्राण्यांचे पुष्कळ करणे काय आणि पुष्कळ प्राण्यांचा एक करणे काय, कात्री तीच. फरक आहे तो पहिल्या दाव्यात. लेमिंगांची संख्या दर तीन-चार वर्षांनी झपाट्याने वाढते आणि कोसळते, हे खरे. गर्दी झाली की ते नवी जागा शोधत निघतात, वाटेत पाणी लागले तर पोहतात, त्यात काही बुडतात, हेही खरे. सामूहिक आत्महत्या मात्र ते करत नाहीत. चित्रपटाने जातीविषयीच खोटे सांगितले. आणि निवेदकाची भाषा पाहिली तर गंमत कळते. त्या निवेदनात आत्महत्येची कल्पना दंतकथा म्हणून येते, थेट विधान म्हणून नव्हे. शब्द सावध आणि चित्र बेफाम. जगभर रुजले ते चित्र.

दुसरे उदाहरण याच्या बरोबर उलटे आहे. ‘फ्रोझन प्लॅनेट’ या २०११ च्या बीबीसी मालिकेत हिवाळ्यावरच्या भागात ध्रुवीय अस्वलाची नवजात पिल्ले बर्फाखालच्या गुहेत आईला बिलगलेली दिसतात. आगेमागे बर्फाळ रानाची, खऱ्या आर्क्टिकची दृश्ये आहेत. डिसेंबर २०११ मध्ये वृत्तपत्रांत गाजले की गुहेतली दृश्ये नेदरलँड्समधल्या एका प्राणिसंग्रहालयात घेतली होती. मालिकेच्या संकेतस्थळावरच्या चित्रफितीत ही गोष्ट आधीच सांगितलेली होती; दूरचित्रवाणीवरच्या भागात नव्हती.

ॲटनबरो यांनी बाजू मांडताना सांगितले की रानातल्या गुहेत कॅमेरा नेणे शक्य नव्हते. तसे केले तर आई एक तर पिल्लाला मारील किंवा कॅमेरामनला. हा मुद्दा मान्यच करायला हवा. बाळंतीण अस्वलाच्या गुहेत घुसणे हा चित्रीकरणाचा पर्यायच नव्हे. अस्वलाची पिल्ले गुहेत अशीच जन्मतात आणि वाढतात, म्हणजे पहिला दावा इथेही शाबूत आहे. बीबीसीचे दुसरे म्हणणे मला अधिक अडचणीचे वाटते. निवेदन दिशाभूल होऊ नये अशा बेताने काळजीपूर्वक लिहिले होते, असे संस्थेने सांगितले. म्हणजे रानातले अस्वल आणि गुहेतले अस्वल एकच आहे, असे कोणतेही वाक्य म्हणत नव्हते. वाक्ये सामान्य होती, जातीविषयी होती.

पण वाक्याने मौन पाळले की कट बोलतो. बाहेर वादळ, कट, आत पिल्ले: या क्रमाचा अर्थ ‘त्याच बर्फाखाली’ एवढाच होऊ शकतो, कारण चित्रपट पाहायला आपण तसेच शिकलो आहोत. इग्वानाच्या प्रसंगात भाषेने चित्राला नसलेली ओळख दिली. अस्वलाच्या प्रसंगात चित्राने भाषेला नसलेले ठिकाण दिले. ‘निवेदनात खोटे काही नव्हते’ हा बचाव म्हणूनच अपुरा आहे. निवेदन आणि चित्र एकत्र वाचायचे असतात; लेखकाने एक वाचावे आणि प्रेक्षकाने दुसरे, असे होत नाही.

निवेदक कुठे उभा आहे

ॲटनबरो यांचा आवाज आज इतका परिचित आहे की तो जणू त्या जागेवरूनच येतो असे वाटते. ‘प्लॅनेट अर्थ २’ मध्ये ते आल्प्सवरच्या गरम हवेच्या फुग्यातून मालिकेची ओळख करून देतात. बाकी वेळ ते केवळ आवाज आहेत, आणि तो चित्रीकरण व संकलन झाल्यावर ध्वनिशाळेत मुद्रित होतो. त्यांनी ते पिल्लू पाहिलेले नाही. तुम्ही पाहिली तीच जोडलेली फीत त्यांनी पाहिली आहे.

त्यांच्याच ‘लाइफ ऑन अर्थ’ (१९७९) या मालिकेशी याची तुलना करा. रवांडातल्या डोंगरात ते गोरिलांच्या कळपाजवळ बसले होते. अंगठा आणि बोट यांच्या पकडीचे उत्क्रांतीतले महत्त्व तिथे सांगायचे, अशी योजना होती. गोरिला इतके जवळ आले की ती योजना बाजूला राहिली. पिल्ले त्यांच्या अंगावर लोळू लागली. त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मची रिळे असत आणि ती मोजकी असत. ठरलेले अंगठ्याचे भाषण अजून व्हायचे आहे म्हणून फिल्म राखून ठेवली गेली, त्यामुळे त्या भेटीचा थोडाच भाग चित्रित झाला. तो थोडा भाग आजही त्या मालिकेतला सर्वात लक्षात राहिलेला आहे.

त्या दृश्यात कुजबुजत बोलणारा माणूस चौकटीत आहे. तो आणि गोरिला एकाच वेळी एकाच जागी आहेत, हे चित्रच सांगते. ‘हा गोरिला’ म्हणताना त्याला पुरावा द्यावा लागत नाही. तो साक्षीदार आहे. फर्नांदिनाच्या प्रसंगात मात्र तोच आवाज कथेकऱ्याचा आहे. लोकांनी साक्षीदाराला दिलेला विश्वास पुढे कथेकऱ्याला आपसूक मिळाला, आणि २०१७ ची नाराजी मला याच गफलतीतून आलेली दिसते.

आवाज बदलला तर चित्रपट किती बदलतो, याचा पुरावा हवा असेल तर ल्युक जाके यांचा पेंग्विनांवरचा २००५ चा चित्रपट पाहा. अंटार्क्टिकातल्या अदेली किनाऱ्यावर, फ्रेंच तळाजवळ राहून एका लहानशा चमूने तो सुमारे वर्षभर चित्रित केला. मूळ फ्रेंच आवृत्तीत निवेदकच नाही. नर, मादी आणि पिल्लू यांचे संवाद नटांच्या आवाजात, प्रथमपुरुषी एकवचनात ऐकू येतात. अमेरिकी आवृत्तीत ते काढून मॉर्गन फ्रीमन यांचे तृतीयपुरुषी निवेदन घातले आणि संगीतही दुसऱ्याकडून करून घेतले. हिंदीत अमिताभ बच्चन यांचा आवाज आहे आणि नाव आहे ‘पेंग्विन्स: अ लव्ह स्टोरी’.

हे नाव तपासण्यासारखे आहे. एम्परर पेंग्विनची जोडी एका विणीच्या हंगामापुरती पक्की असते. पुढच्या वर्षी बहुतेकांचा जोडीदार बदलतो. हंगामातली निष्ठा खरी आहे. मादी अंडे नराकडे सोपवून समुद्रावर जाते आणि नर दोन महिन्यांहून अधिक काळ उपाशीपोटी, ऐन हिवाळ्यात ते पायांवर सांभाळतो. पण एका वर्षावर कॅमेरा थांबवला की हंगामी करार जन्माचे प्रेम दिसू लागतो. इथे कुठलेच दृश्य बनावट नाही, प्राणिसंग्रहालय नाही, फिरती तबकडी नाही. आणि तरीही जातीविषयीच्या पहिल्या दाव्याला बाक येतो. फ्रेंचमधले ‘मी’ यात सर्वात पुढे जाते. फ्रीमन यांचे ‘ते’ थोडे मागे राहते, तरी प्रेम हा शब्द सोडत नाही.

तुमच्यापैकी जे भाषांतर शिकत आहेत त्यांनी इथे आपल्या भाषा तपासाव्यात. मराठीत आणि हिंदीत ‘द’ नाही. ‘पिल्लू धावते’ एवढे म्हटले तर ते कोणतेही पिल्लू असू शकते, म्हणजे संकलकाने जे केले त्याच्याशी हे वाक्य इंग्रजीपेक्षा जास्त प्रामाणिक आहे. पण डबिंग करणाऱ्याला ते सपाट वाटते, आणि तो ‘हे पिल्लू’ किंवा ‘आपलं पिल्लू’ असे लिहून मोकळा होतो. इंग्रजीत जे अर्धवट सुचवलेले होते ते आता ठाम झाले.

लिंगाचा प्रश्न याहून अवघड. हिंदीत क्रियापद लिंग दाखवल्याशिवाय पुढे सरकत नाही. पेंग्विन ‘चला’ की ‘चली’ हे ठरवावेच लागते. मराठीत ‘तो निघाला’, ‘ती निघाली’ किंवा ‘ते निघाले’. तमीळमध्ये प्राण्यासाठी मानवेतर रूप वापरून ही निवड टाळता येते, बंगालीत क्रियापद लिंगभेद करतच नाही. एम्परर पेंग्विनचे नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. हिवाळ्यात अंडे पायांवर घेऊन जो उभा आहे तो नर, हे वर्तनावरून निश्चित सांगता येते. पण बर्फावरून रांगेने चाललेल्या शेकडोंपैकी जो एक कॅमेऱ्याने जवळून टिपला, त्याला ‘चली’ म्हणायचे की ‘चला’, याला चित्रात काहीच आधार नाही. मार्चमध्ये समुद्रातून आलेली रांग घ्या, तिच्यातल्या एका पक्ष्यावर तुमच्या भाषेत दोन वाक्ये लिहा, आणि क्रियापदाने तुमच्या नकळत काय ठरवून टाकले ते अधोरेखित करा.